शून्यावर न येणारी वीज

सिन्नरला मावशीच्या गच्चीवर सौर पॅनेल बसून आठ महिने झाले होते. जिन्याच्या टपाखाली भिंतीवर एक प्लास्टिकचा बॉक्स लावलेला होता. पॅनेलच्या तारा त्यात शिरत आणि तिथून खाली इन्व्हर्टरकडे जात. मी सहज झाकण उघडलं, तर आत घरातल्या मीटरशेजारी असतो तसाच दोन पोलचा साधा एमसीबी. हा बदलावा लागेल, असं म्हटल्यावर काम केलेल्या वायरमनला बोलावलं. मुलगा हुशार, हात स्वच्छ. त्याने विचारलं, "साहेब, एमसीबी दोनशे चाळीस व्होल्टचा, सोळा अँपिअरचा, नावाजलेल्या कंपनीचा आहे. पॅनेलकडून कडक उन्हात तेरा अँपिअर येतात. आठ महिन्यांत एकदा गरमसुद्धा झाला नाही. मग अडतं कुठं?"

प्रश्न रास्त होता. "डीसीला चालत नाही" एवढंच उत्तर त्याला पटलं नसतं, कारण तो आठ महिने चाललाच होता. आणि या प्रकरणातला खरा धोकाही तोच आहे. एमसीबी चालू असतो तेव्हा आत धातूचे दोन तुकडे एकमेकांवर दाबून बसलेले असतात. त्यांच्यातून एसी वाहते की डीसी, याने त्यांना फरक पडत नाही. तेरा अँपिअर म्हणजे तेरा अँपिअर, उष्णता तेवढीच. हात लावून पाहा, मीटर लावून पाहा, चुकीचा एमसीबी आणि योग्य एमसीबी एकसारखेच वागतील. फरक पडतो तो फक्त एका क्षणी, भर उन्हात कुणी तो खटका खाली ओढतो तेव्हा.

त्या क्षणी आत काय होतं ते आधी पाहू. दोन संपर्क एकमेकांपासून सुटायला लागले की शेवटच्या टिचभर जागेतून सगळा प्रवाह जातो. ती जागा तापून वितळते, धातूची वाफ होते, आणि भोवतालची हवा इतकी तापते की तीच वीज वाहून नेऊ लागते. याला आर्क म्हणतात. काही हजार अंश तापमानाचा हा विजेचा धागा संपर्क दूर गेले तरी त्यांच्यामध्ये ताणून राहतो. तो पाहायचा असेल तर जवळच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात वेल्डिंग चालू असताना, डोळ्यांवर काच धरून, पाहावा. वेल्डिंगची कांडी लोखंडाला टेकवून जराशी उचलली की ठिणगीचा हा झोत वीस-पंचवीस व्होल्टवरही जळत राहतो. आणि कुठलाही जुना वेल्डर सांगेल की डीसी मशीनचा आर्क एसीपेक्षा जास्त स्थिर असतो, हातात धरून ठेवायला सोपा असतो. वेल्डरला हवा असणारा हाच गुण एमसीबीत नको असतो.

घरच्या विजेत ही स्थिरता नसते. आपल्याकडे एसी वीज सेकंदाला पन्नास आवर्तनं करते. प्रत्येक आवर्तनात प्रवाहाची दिशा दोनदा उलटते, आणि दिशा उलटताना प्रवाह क्षणभर शून्यावर येतोच. म्हणजे सेकंदाला शंभर वेळा, दर दहा मिलिसेकंदांनी, आर्कला मिळणारं अन्न आपोआप बंद होतं. साध्या एमसीबीला आर्क मारावा लागत नाही. तो विझला की पुन्हा पेटू नये, एवढीच काळजी घ्यायची असते. त्यासाठी काही मिलिमीटरचं अंतर आणि थोडा थंडावा पुरतो. घरातला एमसीबी बोटाएवढा असूनही काम करतो, तो या शून्याच्या भरवशावर.

पॅनेलकडून येणारी वीज एकाच दिशेने वाहते. तिच्यात शून्य येतच नाही. ती थांबवायची तर आर्कला इतकं लांब ताणायचं, इतकं थंड करायचं, इतके तुकडे पाडायचे की तो जिवंत ठेवायला पॅनेलच्या व्होल्टपेक्षा जास्त व्होल्ट लागावेत. तेवढं झालं तरच तो विझतो. नाही झालं तर सूर्य असेपर्यंत जळतो.

हे नवं ज्ञान नाही. बोरीबंदर ते कुर्ला अशी मुंबईतली पहिली विजेची लोकल ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली, ती १५०० व्होल्ट डीसीवर. पुढची अनेक दशकं मुंबईच्या लोकलगाड्या त्याच डीसीवर चालल्या, मग त्या २५,००० व्होल्ट एसीवर आणल्या गेल्या. त्या डीसीच्या काळात रेल्वेला सबस्टेशनांत आणि गाड्यांमध्ये आर्क फुंकून काढणारे खास ब्रेकर ठेवावे लागत. मोठ्या डीसी प्रवाहाचा खटका ही वेगळीच वस्तू असते, हे रेल्वेच्या कारखान्यांना चांगलंच माहीत होतं. घरांना मात्र हे माहीत असण्याचं कारण नव्हतं, कारण काही मोजक्या व्होल्टपलीकडची डीसी बहुतेक घरांत येतच नव्हती. ती आता गच्चीवरून आली आहे.

इथे वायरमनने दुसरा मुद्दा काढला, आणि तो पहिल्यापेक्षाही चांगला होता. त्याने जुने एमसीबी फोडून पाहिले होते. "आत पत्र्याच्या पातळ पट्ट्यांची जाळी असते ना? आर्क तिथे जाऊन तुटतो. मग डीसीचा पण तुटेल की."

जाळी असते, आणि तिचं काम तो म्हणाला तेच आहे. आर्क त्या पट्ट्यांमध्ये शिरला की त्याचे बारीक तुकडे होतात, आणि प्रत्येक तुकड्याला जिवंत राहायला साधारण वीस-पंचवीस व्होल्ट लागतात. दहा-बारा तुकडे पडले तर अडीचशे-तीनशे व्होल्टची मागणी तयार होते. मावशीच्या पॅनेलच्या व्होल्टच्या अगदी जवळ जाणारा आकडा. पण प्रश्न असा आहे की आर्कला त्या जाळीपर्यंत ढकलतं कोण?

साध्या एमसीबीत त्याला ढकलतो तो त्याचा स्वतःचाच प्रवाह. वीज वाहते तिथे चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि एमसीबीच्या आतली रचना अशी असते की ते क्षेत्र आर्कला बाहेर, जाळीकडे फेकतं. घरात शॉर्ट झाला की शेकडो, कधी हजारो अँपिअर वाहतात, जोर प्रचंड असतो, आर्क क्षणात जाळीत जाऊन पडतो. पण हा जोर प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. हजार अँपिअरच्या जागी तेरा अँपिअर आले तर प्रवाह सत्त्याहत्तर पटींनी कमी होतो आणि जोर जवळजवळ सहा हजार पटींनी. इतक्या दुबळ्या ढकलीने आर्क जागचा हलत नाही. तो संपर्कांच्या मधेच, जिथे जन्मला तिथेच, प्लास्टिकला चिकटून जळत बसतो. जाळी दोन बोटांवर असते, पण रिकामी.

म्हणून सौर जोडणीत गोष्ट उलटी दिसते. एमसीबीला मोठा प्रवाह तोडणं सोपं जातं आणि बारीक, स्थिर डीसी प्रवाह तोडणं अवघड. सोळा अँपिअरच्या एमसीबीला तेरा अँपिअर म्हणजे हातचा मळ, हा हिशेब एसीत खरा आणि इथे साफ चुकीचा.

डीसीसाठी बनवलेल्या एमसीबीत यावर साधा उपाय केलेला असतो. आत कायमचे छोटे चुंबक बसवलेले असतात. प्रवाह तेरा अँपिअर असो की दोन, चुंबकाचं क्षेत्र तयारच असतं आणि ते आर्कला जाळीत ढकलतं. जाळीही मोठी असते आणि संपर्क जास्त दूर जातात. पण या उपायात एक अट दडलेली आहे. चुंबकाची दिशा ठरलेली असते, त्यामुळे प्रवाह ठरल्या दिशेने गेला तरच आर्क जाळीकडे जातो. तारा उलट जोडल्या तर तोच चुंबक आर्कला विरुद्ध बाजूला, यंत्रणेवर आणि प्लास्टिकवर फेकतो. अशा एमसीबीवर अधिक आणि उणे चिन्हं छापलेली असतात. ती शोभेची नाहीत. खरा डीसी एमसीबी आणून उलटा जोडला, तर पैसे जास्त देऊन तोच धोका घरी आणल्यासारखं होतं. दोन्ही दिशांना चालणारे डीसी एमसीबीही मिळतात. त्यांच्यावर अधिक-उण्याची चिन्हं नसतात आणि माहितीपत्रकात तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. मला विचाराल तर घरासाठी तेच घ्यावेत, कारण पुढच्या दुरुस्तीला कोण येईल आणि तारा कशा लावेल, याची खात्री कुणालाच देता येत नाही.

आता दुकानात जाऊन वस्तूवर काय वाचायचं ते पाहू. घरगुती एमसीबीवर २४० किंवा ४१५ आकड्यापुढे नागमोडी रेघ असते, ती एसीची खूण. त्याच्यावर बहुधा आयईसी ६०८९८-१ हा मानक क्रमांक असतो, आणि तो घरगुती एसीसाठीच आहे. डीसीची खूण म्हणजे एक सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ. डीसी एमसीबीवर त्या खुणेसोबत व्होल्टचा आकडा असतो आणि मानक बहुधा आयईसी ६०९४७-२. काही साध्या एमसीबींच्या माहितीपत्रकात डीसीचाही आकडा दिलेला असतो, पण तो एका पोलला साठ व्होल्टच्या आसपास असतो. गच्चीवरच्या तीनशे व्होल्टांशी त्याचा संबंध नाही.

पोलची गंमतही इथेच समजून घ्यावी. चार पोलचा, "१००० व्होल्ट डीसी" लिहिलेला एमसीबी घेतला म्हणजे त्याचा प्रत्येक पोल हजार व्होल्ट तोडतो असं नाही. बहुधा प्रत्येक पोलच्या वाट्याला अडीचशे येतात, आणि चारही पोल एकामागे एक जोडले तरच हजार होतात. कसे जोडायचे याची आकृती बाजूला छापलेली असते. चार पोलपैकी दोनच वापरून बाकीचे मोकळे सोडलेले मी पाहिले आहेत. तिथे आकडा हजारचा होता, ताकद पाचशेची.

मावशीच्या गच्चीचा हिशेब आम्ही बॉक्सच्या झाकणावर पेन्सिलीने मांडला. पॅनेलच्या मागे चिकटवलेली तबकडी हा त्याचा आधार. ५४० वॅटचं पॅनेल, त्याचे उघडे व्होल्ट, म्हणजे काहीही जोडलेलं नसतानाचे, ४९.५. शॉर्ट केल्यावरचा प्रवाह १३.८५ अँपिअर. फ्यूजची कमाल मर्यादा २५ अँपिअर. अशी सहा पॅनेल एकामागे एक जोडलेली, म्हणजे एक स्ट्रिंग. सहा गुणिले ४९.५, झाले २९७ व्होल्ट.

पण हा आकडा २५ अंश तापमानाचा आहे, आणि पॅनेल थंड असलं की व्होल्ट वाढतात. दर अंशाला साधारण ०.२७ टक्के. सिन्नरच्या शेजारी निफाडला थंडीच्या लाटेत पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो. अशा सकाळी ऊन पहिल्यांदा पॅनेलवर पडतं, पॅनेल अजून गार असतं आणि इन्व्हर्टर पुरता जागा झालेला नसतो, तेव्हा सगळ्यात जास्त व्होल्ट मिळतात. वीस अंशांचा फरक, ५.४ टक्के वाढ, म्हणजे ३१३ व्होल्ट. तेव्हा दोन पोलचा, ५०० व्होल्ट डीसीचा ब्रेकर इथे बसतो, आणि दोन्ही तारा एकाच वेळी तुटतात.

अँपिअरचं काय? ढगाच्या कडेवरून ऊन परावर्तित होऊन पडतं तेव्हा पॅनेल थोडा वेळ तबकडीवरच्या आकड्यापेक्षा जास्त देतं. म्हणून १३.८५ ला सव्वा पट धरतात, १७.३ अँपिअर. त्यात हा बॉक्स गच्चीवर. बाहेर चाळीस अंश असताना बंद डब्यात साठपर्यंत तापमान जातं, आणि एमसीबीतली उष्णतेने वाकणारी पट्टी तेवढ्यानेच अर्धी वाकलेली असते. त्यामुळे २० अँपिअरचा एमसीबी तिथे वीस अँपिअरचा उरत नाही. किती घट धरायची याचा तक्ता कंपनी देते. आम्ही २५ धरला. खालची सौर केबल चार चौरस मिलिमीटरची होती, तिला पंचवीस सहज झेपतात.

इथे एक गोष्ट वायरमनला सांगताना मला नेहमी थांबावं लागतं, कारण ती त्याच्या सगळ्या अनुभवाच्या विरुद्ध जाते. हा २५ अँपिअरचा डीसी एमसीबी पॅनेलच्या तारा शॉर्ट झाल्या तर पडणार नाही. कधीच नाही. घरात शॉर्ट झाला की प्रवाह पाच-दहा पटींनी उसळतो, म्हणून खटका पडतो. पॅनेलला उसळताच येत नाही. ऊन जेवढं प्रवाह पैदा करतं तेवढाच ते देतं. पूर्ण कामावर तेरा अँपिअर आणि पूर्ण शॉर्टमध्ये पावणेचौदा. जुना सोळाचा एमसीबी असता तरी त्याला काही झाल्याचं कळलंही नसतं. म्हणजे एकाच स्ट्रिंगच्या घरात पॅनेलकडचा एमसीबी हा रक्षक नसतो. तो हाताने बंद करायचा खटका असतो, एवढंच.

मग खटकाच हवा तर खटकाच का घेऊ नये? डीसी आयसोलेटर म्हणून गोल मुठीचा स्विच मिळतो. त्याचं मानक आयईसी ६०९४७-३. त्यात उष्णतेने वाकणारी पट्टी नाही, म्हणून तापमानाने तो उगाच पडत नाही. बऱ्याच आयसोलेटरमध्ये चुंबकावर भिस्त नसते. मूठ कितीही हळू फिरवली तरी आतली स्प्रिंग संपर्कांना झटक्यात, दोन-दोन ठिकाणी तोडते. त्याच्यावर डीसी-पीव्ही१ किंवा डीसी-पीव्ही२ असं लिहिलेलं पाहावं. एका स्ट्रिंगला पहिला चालतो, अनेक स्ट्रिंग एकत्र येत असतील तर दुसरा लागतो. डीसी-पीव्ही० लिहिलेला मात्र प्रवाह चालू असताना उघडायचाच नसतो. आणखी एक, आयसोलेटरच्या माहितीपत्रकात व्होल्टागणिक अँपिअरचा तक्ता असतो आणि व्होल्ट वाढले की अँपिअर कमी होतात. मुठीवरचा मोठा आकडा बहुधा सगळ्यात कमी व्होल्टचा असतो. आपल्या ३१३ व्होल्टच्या रांगेत काय लिहिलंय ते वाचायचं. माझा कल एका स्ट्रिंगच्या घरासाठी आयसोलेटरकडेच आहे, आणि सिन्नरला शेवटी आम्ही तोच लावला.

फ्यूजचा विषय मी जाणूनबुजून उशिरा काढतोय. बाजारात मिळणाऱ्या तयार डीसी बॉक्समध्ये फ्यूज असतातच, त्यामुळे लोकांना वाटतं की तेच मुख्य संरक्षण आहे. एका स्ट्रिंगमध्ये त्याला जवळजवळ काम नाही. पॅनेल शॉर्टमध्येही पावणेचौदाच देणार, तर २५ चा फ्यूज वितळणार कशाने? दोन स्ट्रिंग समांतर असल्या तरी बिघडलेल्या स्ट्रिंगमध्ये दुसरीकडून उलटे १३.८५ च येऊ शकतात, आणि तेवढे ती सहन करते.

फ्यूजची खरी जागा सोसायटीच्या गच्चीवर आहे. समजा सहा स्ट्रिंग एका कंबायनर बॉक्समध्ये समांतर जोडल्या आहेत. एका स्ट्रिंगमध्ये माकडाने केबल कुरतडली, तारा आपसात भिडल्या. आता उरलेल्या पाच स्ट्रिंग आपली सगळी वीज इन्व्हर्टरऐवजी या आजारी स्ट्रिंगमध्ये उलटी ओततात. पाच गुणिले १३.८५, म्हणजे ६९ अँपिअर. पॅनेलच्या तबकडीवर कमाल २५ लिहिलंय. इथे फ्यूज वितळतो आणि पॅनेल वाचतं. तीन स्ट्रिंगचं प्रकरण काठावरचं आहे. उलटे २७.७ येतात, ते २५ पेक्षा जास्त, म्हणून नियमाने फ्यूज लावायचा. पण २५ चा फ्यूज २७.७ वर वितळेलच असं नाही, कारण फ्यूजला आपल्या आकड्यापेक्षा बरंच जास्त लागतं. ती मर्यादा ठाऊक असलेली बरी.

फ्यूजचा आकडा काढायला सोपी चौकट आहे. शॉर्ट प्रवाहाच्या दीडपटीपेक्षा कमी नको, म्हणजे २०.८. तबकडीवरच्या कमाल आकड्यापेक्षा जास्त नको, म्हणजे २५. मधे बसणारा बाजारातला आकडा २५ च. प्रत्येक स्ट्रिंगच्या अधिक तारेत एक, उणे तारेत एक. त्याच्यावर जीपीव्ही ही अक्षरं, आयईसी ६०२६९-६ हा क्रमांक, आणि १००० व्होल्टपुढे डीसीची खूण हवी. खरा सापळा आकाराचा आहे. दहा मिलिमीटर जाड आणि अडतीस लांब ही पांढरी नळी एसी पॅनेलमध्येही तशीच असते, त्याच होल्डरमध्ये तंतोतंत बसते, आणि तिच्यावर ५०० व्होल्ट एसी लिहिलेलं असतं. रात्री दुकानं बंद असताना कुणीतरी ती बसवतो. सौर फ्यूजच्या नळीत वाळू ठासलेली असते आणि तार अशी घडवलेली असते की थोड्याशाच जादा डीसी प्रवाहातही आर्क वाळूत गुदमरून विझावा. एसीच्या नळीकडून ती अपेक्षा करता येत नाही. आणि फ्यूजचा होल्डर हा खटका नाही. चालू प्रवाहात तो खेचून उघडला तर आर्क थेट बोटांपुढे उभा राहतो.

बॅटरी असलेल्या घरात इथवरचा अर्धा हिशेब उलटा होतो. अठ्ठेचाळीस व्होल्टला लोक बिनधास्त हात लावतात, कारण झटका बसत नाही. पण बॅटरी पॅनेलसारखी कंजूष नसते. लिथियम बॅटरी आणि तिच्या जाड तारा मिळून दहा मिलिओहमचा विरोध धरला, तरी शॉर्टमध्ये ओहमच्या नियमाने जवळपास पाच हजार अँपिअर वाहतात. पाना बॅटरीच्या दोन टोकांवर पडला तर तो वितळतो तो यामुळे. इथे व्होल्टपेक्षा तोडण्याची क्षमता पाहायची. फ्यूजवर किलोअँपिअरचा आकडा असतो, तो डीसीचा आहे ना आणि आपल्या बॅटरीच्या शॉर्टपेक्षा मोठा आहे ना, हे पाहायचं. क्लास टी प्रकारचा फ्यूज वीस किलोअँपिअर तोडतो, म्हणून लिथियमला तो चांगला. मोटारीच्या पात्याच्या फ्यूजवर ३२ व्होल्ट लिहिलेले असतात, त्यांना इथे जागा नाही. पाच किलोवॅटच्या इन्व्हर्टरला बॅटरी उतरलेली असताना सव्वाशे अँपिअर लागतात, सव्वा पट धरले की १६० चा फ्यूज. तो बॅटरीच्या टोकापासून जितका जवळ लावता येईल तितका जवळ, कारण फ्यूजच्या अलीकडच्या तारेचं रक्षण कुणीच करत नाही. चुंबकवाला, अधिक-उण्याच्या खुणांचा एमसीबी बॅटरीला लावू नये. दिवसा बॅटरी भरते, रात्री उपसते, प्रवाह दोन्ही दिशांना जातो, आणि एका दिशेला तो चुंबक नेहमीच चुकीच्या बाजूला ढकलणार.

आणि ज्याच्या घरी आज चुकीचा एमसीबी बसलेला आहे, त्याने काय करावं? झाकणापाशी जळक्या बेकेलाइटचा वास, प्लास्टिकवर तपकिरी डाग किंवा बारीक चरचर असेल तर त्या खटक्याला हात लावू नये. खाली जाऊन इन्व्हर्टरची एसी बाजू, म्हणजे महावितरणच्या विजेकडचा खटका, बंद करावा. इन्व्हर्टर थांबतो आणि पॅनेलकडून प्रवाह ओढणं बंद करतो. ओढणारंच कुणी नसेल तर त्या खटक्यातल्या आर्कलाही प्रवाह मिळत नाही. तारा आपसात भिडून शॉर्ट झाला असेल तर मात्र याने तो थांबत नाही. तेव्हा लांब राहून अग्निशमन दलाला गच्चीवर सौर पॅनेल आहेत हे आधी सांगावं. रोजच्या कामातही क्रम हाच ठेवावा, आधी एसी, मग डीसी आयसोलेटर, मग गरज असेल तर फ्यूजचा होल्डर. पॅनेलच्या तारांचे एमसी-फोर जोड सगळ्यात शेवटी, आणि तेही प्रवाह शून्य झाल्याचं डीसी क्लँप मीटरवर पाहून.

सिन्नरला आम्ही काम दिवसा केलं नाही. पॅनेलला बंद करायचं बटण नसतं, ऊन आहे तोवर तारांत तीनशे व्होल्ट आहेत. संध्याकाळी साडेसातला मावशीने गच्चीवरचा दिवा लावून दिला. वायरमनने आधी मल्टिमीटर डीसीवर ठेवून तारांना टेकवला आणि आकडा मोठ्याने वाचला. मग जुना एमसीबी काढून आयसोलेटर बसवला, झाकणाच्या आत मार्करने "पॅनेल" आणि "इन्व्हर्टर" असं दोन बाजूंना लिहिलं आणि काढलेला एमसीबी खिशात टाकला. घरी जाऊन फोडून त्याची जाळी बघणार होता.